‘अ लॉट ऑफ’ म्हणजे नेमकं किती?

आधी तीन वाक्यं वाचू. ती कुणा एकाची नाहीत. ऊसपट्ट्यातल्या एखाद्या गावात विहिरींच्या पाण्यावर काम करणारा एम.एस्सी.चा विद्यार्थी पहिल्या खर्ड्यात जसं इंग्रजी लिहितो, तशी ती मी नमुन्यादाखल रचली आहेत.

‘वी लुक्ड इन्टू अ लॉट ऑफ वेल्स इन द व्हिलेज. वी गॉट सॅम्पल्स बिफोर अँड आफ्टर द मान्सून. अ लॉट ऑफ वेल्स गॉट वर्स आफ्टर द रेन्स.’

यात व्याकरणाची एकही चूक नाही. विद्यार्थ्याने हे बोलून सांगितलं तर कुणाला काही खटकणारही नाही. पण हाच मजकूर शोधनिबंध म्हणून पाठवला, की मार्गदर्शक किंवा परीक्षक शेजारी ‘इन्फॉर्मल’ असं लिहून परत करतात. मग विद्यार्थी पर्यायी शब्दांची यादी शोधतो. ‘अ लॉट ऑफ’च्या जागी ‘न्यूमरस’, ‘गेट’च्या जागी ‘ऑब्टेन’, ‘लुक इन्टू’च्या जागी ‘इन्व्हेस्टिगेट’. यादी चुकीची नसते. तरीही ती जशीच्या तशी लावली की मजकूर बऱ्याचदा आधीपेक्षा अवघड होतो, आणि कधी कधी चक्क खोटा होतो. शोधनिबंधांचं इंग्रजी तपासताना मला हे वारंवार दिसतं, म्हणून या तीन शब्दांकडे जरा सावकाश पाहावंसं वाटलं.

दोन थरांची भाषा

इंग्रजीत एकाच गोष्टीला घरगुती आणि पोशाखी असे दोन शब्द का असतात, याचं उत्तर तिच्या इतिहासात आहे. ‘लुक’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द. ‘गेट’ आला स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या बोलीतून. ‘लॉट’ म्हणजे मुळात वाटणी ठरवण्यासाठी टाकलेली चिठ्ठी, त्यावरून वाट्याला आलेला हिस्सा आणि पुढे कधीतरी ढीगभर असलेलं काहीही. 1066 मध्ये नॉर्मन राजवट आली आणि दरबार, न्यायालय यांची भाषा फ्रेंच झाली. विद्येची आणि चर्चची भाषा लॅटिन होतीच. विद्वान पुढे इंग्रजीत लिहू लागले, पण लॅटिनमधला शब्दसंग्रह त्यांनी बरोबर आणला. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ 1687 मध्ये लॅटिनमध्ये लिहिलं आणि 1704 मध्ये ‘ऑप्टिक्स’ इंग्रजीत. ‘ऑब्टेन’, ‘एक्झामिन’, ‘इन्व्हेस्टिगेट’ हे सगळे त्या विद्वानांच्या थरातले शब्द.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपलंही असंच आहे. घरी आपण ‘बघतो’, प्रयोगवहीत ‘निरीक्षण करतो’. पगार ‘मिळतो’, पदवी ‘प्राप्त होते’. बोलीतले शब्द एका थरातले, संस्कृतातून घेतलेले दुसऱ्या. कुठे कोणता थर लावायचा हे आपल्याला मराठीत शिकवावं लागत नाही, कानाला कळतं. इंग्रजीत मात्र आपला कान बहुधा पाठ्यपुस्तकावर, सिनेमावर आणि बोलण्यावर घडलेला असतो. म्हणून ‘मिळणे’ म्हटलं की हाताशी ‘गेट’ येतो आणि ‘पुष्कळ’ म्हटलं की ‘अ लॉट ऑफ’.

पण खरा फरक दर्जाचा नसून नेमकेपणाचा आहे. घरगुती शब्द छत्रीसारखे असतात, त्यांच्याखाली दहा अर्थ उभे राहू शकतात. बोलताना ते चालतं, कारण ऐकणारा समोर असतो आणि ‘म्हणजे किती?’ असं विचारू शकतो. निबंधाचा वाचक दूर असतो आणि कदाचित दहा वर्षांनी वाचणार असतो. त्याला विचारण्याची सोय नाही. त्यामुळे छत्रीखालचा कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

लुक इन्टू: नेमकं काय केलं?

‘लुक इन्टू’ने सुरुवात करू, कारण हा शब्द पद्धतीवरच पांघरूण घालतो. विद्यार्थ्याने विहिरींमध्ये ‘लक्ष घातलं’ म्हणजे काय केलं? पाणी तपासलं? शेतकऱ्यांशी बोलला? जुने अहवाल वाचले? या प्रत्येक कामाला इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे, आणि त्यांच्या व्युत्पत्तीत त्यांचा अर्थ जपलेला दिसतो.

‘इन्व्हेस्टिगेट’मध्ये लॅटिन ‘वेस्टिजियम’ आहे, म्हणजे पाऊलखूण. पाऊलखुणांवरून मागे मागे जाणं, म्हणजे आपला ‘मागोवा घेणं’. एखाद्या गोष्टीचं कारण माहीत नाही आणि ते शोधायचं आहे, तिथे हा शब्द बसतो. ‘एक्झामिन’च्या मुळाशी तराजूचा काटा आहे. समोर ठेवलेली वस्तू बारकाईने तपासायची असेल, तिथे तो. ‘ॲनलाइज’चा ग्रीक अर्थ सोडवणं, मोकळं करणं. आपल्या ‘विश्लेषण’ या शब्दातही जोडलेलं वेगळं करण्याचीच कल्पना आहे. हातात आकडे किंवा मजकूर असेल आणि त्याचे घटक वेगळे करून पाहिले असतील, तरच हा शब्द वापरावा. ‘असेस’ म्हणजे पातळी किंवा किंमत ठरवणं, जसं पाणी पिण्यालायक आहे का हे ठरवणं. ‘एक्स्प्लोर’ म्हणजे नव्या प्रदेशात पहिलं पाऊल, जिथे अजून गृहीतकसुद्धा मांडलेलं नाही. ‘रिव्ह्यू’ म्हणजे इतरांनी केलेलं काम वाचून मांडणं. आणि नुसतं यंत्राने मोजलं असेल तर साधं, निरोगी ‘मेझर’ आहेच.

इथे परीक्षक का अडवतो ते कळतं. ‘वी इन्व्हेस्टिगेटेड द वेल्स’ असं लिहिलं, की पाणी दूषित होण्याचं कारण तुम्ही शोधलं असा दावा होतो. विद्यार्थ्याने फक्त नायट्रेट मोजलं असेल, खत किती टाकलं किंवा गोठा विहिरीपासून किती लांब आहे हे पाहिलंच नसेल, तर तो दावा टिकत नाही. भारदस्त वाटला म्हणून निवडलेला शब्द न केलेल्या कामाचं श्रेय घेऊन बसतो.

शब्द बदलताना मराठी लेखकाची एक चूक ठरलेली असते. ‘लुक’च्या मागे ‘इन्टू’ होता. तो काढायचं राहतं आणि ‘इन्व्हेस्टिगेटेड इन्टू द वेल्स’ तयार होतं. किंवा मराठीतलं ‘विषयी’ डोक्यात असतं, त्यातून ‘इन्व्हेस्टिगेटेड अबाउट’ आणि ‘डिस्कस्ड अबाउट’ येतात. इन्व्हेस्टिगेट, एक्झामिन, डिस्कस या क्रियापदांपुढे कर्म थेट येतं, मध्ये काही लागत नाही.

गेट: कोणाला, कसं, काय?

‘गेट’ हे इंग्रजी बोलण्यातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांपैकी एक. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी प्रचंड मजकूर मोजून 1999 मध्ये लाँगमनचं मोठं इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केलं. संभाषण, कथा, बातम्या आणि विद्वत्तापूर्ण गद्य असे चार प्रकार त्यात शेजारी शेजारी ठेवले आहेत. संभाषणात ‘गेट’ सगळीकडे भेटतो आणि विद्वत्तापूर्ण गद्यात तो जवळजवळ नाहीसा होतो. कारण सोपं आहे. घेणं, मिळणं, होणं, पोचणं, समजणं, करवून घेणं हे सगळं एकटा ‘गेट’ करतो.

म्हणून ‘गेट’चा एकच औपचारिक पर्याय असू शकत नाही. नमुने स्वतः जाऊन घेतले तर ‘कलेक्ट’. प्रयोगातून निष्कर्ष हाती आला तर ‘ऑब्टेन’. सरकारी खात्याने माहिती पाठवली तर ‘रिसीव्ह’, आपण मागून घेतली तर पुन्हा ‘ऑब्टेन’. समीकरणातून किंमत काढली तर ‘कॅल्क्युलेट’ किंवा ‘डिराइव्ह’. संसर्ग झाला तर ‘अक्वायर’ किंवा सरळ कर्मणी प्रयोग. काढून टाकलं, म्हणजे ‘गेट रिड ऑफ’, तर ‘रिमूव्ह’. पूर्ण नाहीसं केलं असेल तरच ‘एलिमिनेट’. हे शेवटचे दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गाळणीने नव्वद टक्के नायट्रेट गेलं, तर ते ‘रिमूव्ह’ झालं, ‘एलिमिनेट’ नव्हे.

यादी पाठ करून ‘गेट’ दिसेल तिथे ‘ऑब्टेन’ लावलं, की ‘द वॉटर ऑब्टेन्ड डर्टी’ किंवा ‘द पेशंट्स ऑब्टेन्ड फीव्हर’ अशी वाक्यं जन्माला येतात. ‘गेट’चा अर्थ ‘होणं’ असेल, तर त्याची जागा बहुतेकदा पुढच्या विशेषणात दडलेलं क्रियापद घेतं. ‘गॉट बिगर’चं ‘इन्क्रीज्ड’, ‘गॉट बेटर’चं ‘इम्प्रूव्ह्ड’.

आणि ‘गॉट वर्स’चं? यादी सांगते ‘डिटिरिओरेटेड’. शब्द भारदस्त आहे, पण वाचकाला काहीच नवीन कळत नाही. पाण्याचं काय बिघडलं? रंग, वास, क्षार, जंतू? हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. एखादा शब्द बदलल्यावर वाचकाचा प्रश्न सुटला का, ही कसोटी मी लावते. नाही सुटला, तर बदल फक्त कपड्यांचा झाला.

अ लॉट ऑफ: शब्द नको, आकडा हवा

आता ‘अ लॉट ऑफ’. याचा पर्याय शोधण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ‘मेनी’ हा शब्द पुरेसा औपचारिक आहे. ‘मेनी वेल्स’ कुठल्याही निबंधात चालतं, ते बदलून ‘न्यूमरस’ करण्याची गरज नसते. शिवाय ‘न्यूमरस’च्या पुढे ‘ऑफ’ चालत नाही, म्हणून ‘मेनी ऑफ द वेल्स’ बरोबर आणि ‘न्यूमरस ऑफ द वेल्स’ चूक. दुसरी अडचण मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या नामांची. विहिरी मोजता येतात, पाऊस किंवा पुरावा हे शब्द इंग्रजीत मोजता येत नाहीत. ‘न्यूमरस रेनफॉल’ होत नाही. तिथे ‘कन्सिडरेबल’ किंवा ‘सब्स्टॅन्शियल’ लागतो, आणि पावसासाठी तर साधं ‘हेवी’ सर्वांत स्वाभाविक. ‘अ लॉट ऑफ’ दोन्ही प्रकारच्या नामांबरोबर चालतो, म्हणून तो सोयीचा वाटतो. त्याचे पर्याय मात्र आपापलं नाम निवडून घेतात.

सगळ्यात धोक्याचा पर्याय म्हणजे ‘सिग्निफिकंट’. बोलीत त्याचा अर्थ ‘लक्षणीय’. पण जिथे आकडेवारी आहे, तिथे तो संख्याशास्त्राचा पारिभाषिक शब्द आहे. दिसणारा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता ठरलेल्या मर्यादेपेक्षा, बहुधा 0.05 पेक्षा, कमी आहे असं चाचणीने दाखवलं, तरच तो वापरता येतो. ‘पुष्कळ फरक’ या अर्थाने तो लिहिला, की वाचक लगेच विचारतो, चाचणी कुठली?

आपल्या नमुन्यातच हे करून पाहू. समजा, वहीत असं आहे: गावात 60 विहिरी, त्यांपैकी 48 मधून पाणी घेतलं, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. पावसाळ्यानंतर 31 विहिरींत नायट्रेट वाढलं, 17 मध्ये घटलं. 48 पैकी 31 म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. डोळ्यांना हा कल स्पष्ट दिसतो आणि हात आपोआप ‘सिग्निफिकंट नंबर ऑफ वेल्स’ असं लिहायला जातो. पण इथे सर्वांत साधी चाचणी लावू. पावसाचा काहीच परिणाम नसता, तर प्रत्येक विहिरीत वाढ किंवा घट होण्याची शक्यता सारखीच, नाणं उडवल्यासारखी. मग 48 वेळा नाणं उडवून 31–17 किंवा त्याहून एकतर्फी निकाल, कुठल्याही बाजूने, लागण्याची शक्यता किती? ती सुमारे 0.06 येते. 0.05 ची मर्यादा ओलांडली गेली आहे. म्हणजे या चाचणीच्या आधारे इथे ‘सिग्निफिकंट’ लिहिता येत नाही. ‘अ लॉट ऑफ’ नुसतं ढोबळ होतं, त्याचा औपचारिक म्हणून शोधलेला पर्याय थेट चूक ठरला.

वाढ किंवा घट किती झाली हेही धरणारी चाचणी लावली, तर निकाल वेगळा येऊ शकतो. तो जो येईल तो, चाचणीचं नाव देऊन लिहावा. तोवर 31 आणि 48 हे दोन आकडे कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त सांगतात.

परिच्छेद पुन्हा लिहू

वहीत आणखी एक नोंद आहे असं धरू. ऑक्टोबरमध्ये 19 विहिरींतलं नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर होतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, हीच मर्यादा आहे. आता लिहू:

‘नायट्रेट कॉन्सन्ट्रेशन्स वेअर मेझर्ड इन 48 ऑफ द 60 वेल्स इन द व्हिलेज. सॅम्पल्स वेअर कलेक्टेड इन मे अँड ऑक्टोबर. कॉन्सन्ट्रेशन्स इन्क्रीज्ड इन 31 वेल्स अँड डिक्रीज्ड इन 17. इन 19 वेल्स, द ऑक्टोबर व्हॅल्यू एक्सीडेड द लिमिट ऑफ 45 mg/L.’

यात बोजड शब्द एकही नाही. ‘मेझर’, ‘कलेक्ट’, ‘इन्क्रीज’ हे दहावीच्या मुलालाही कळतील. तरी परिच्छेद पूर्ण औपचारिक आहे. ‘लुक्ड इन्टू’ने जे झाकलं होतं ते ‘मेझर्ड’ने उघड केलं. ‘बिफोर अँड आफ्टर द मान्सून’च्या जागी महिने आले, कारण पाऊस जूनमध्ये उशिरा सुरू झाला की ‘आधी’चा अर्थ बदलतो. ‘गॉट वर्स’मधला बिघाड म्हणजे नायट्रेटची वाढ, हे कळलं. 17 विहिरींत ते घटलं, हेही आता लपलेलं नाही. पहिल्या खर्ड्यात ती बाब ‘अ लॉट ऑफ’च्या मागे दिसेनाशी झाली होती. या परिच्छेदासाठी विद्यार्थ्याला शब्दकोश लागला नाही. त्याला आपली वही उघडावी लागली.

कुठे हात लावू नये

पर्यायांचा अतिरेकही तितकाच घातक. 2021 मध्ये गिओम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तीन संशोधकांनी छापील विज्ञान-निबंधांतून विचित्र शब्दजोड्या गोळा केल्या. ‘ब्रेस्ट कॅन्सर’ऐवजी ‘बुझम पेरिल’, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ऐवजी ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’. दुसऱ्याचा मजकूर ओळखू येऊ नये म्हणून शब्दागणिक समानार्थी शब्द टाकणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा परिणाम असावा, असं त्यांनी दाखवून दिलं. अशा शब्दजोड्यांना त्यांनी ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ असं नाव दिलं. पारिभाषिक शब्द हे नावासारखे असतात, त्यांना समानार्थी शब्द नसतो. म्हणून यादी हातात घेऊन बसलं, तरी ज्या शब्दाने एखाद्या संकल्पनेचं नाव घेतलं आहे त्याला धक्का लावायचा नाही.

मुलाखतीतली उद्धरणंही तशीच ठेवायची. शेतकरी म्हणाला ‘वी गेट अ लॉट ऑफ वॉटर इन जुलै’, तर अवतरणात तेच राहील. ते त्याचे शब्द आहेत. गणितात ‘वी गेट’ बिनदिक्कत चालतं, कारण तिथे पुढे समीकरण उभं असतं आणि संदिग्धतेला जागाच नसते. दोन शब्दांची सगळीच क्रियापदं हलकी नसतात. ‘कॅरी आउट’ आणि ‘पॉइंट आउट’ विद्वत्तापूर्ण गद्यात रुळलेली आहेत. आणि ‘यूज’ला ‘यूटिलाइज’ केल्याने वाक्य तीन अक्षरांनी लांब होतं, अर्थात काहीही भर पडत नाही.

शंका आली तर तपासायची सोय आहे. english-corpora.org या ठिकाणी COCA नावाचा अमेरिकन इंग्रजीचा मोठा साठा आहे. त्यात शब्द टाकला की बोलणं, कथा, मासिकं, वृत्तपत्रं, विद्वत्तापूर्ण लेखन अशा विभागांत तो किती आढळतो याचे उभे खांब दिसतात. ‘गेट’चा शेवटच्या विभागातला खांब बुटका दिसेल, ‘एक्झामिन’चा उंच. एखादा शब्द कोणत्या नामांबरोबर येतो, तेही तिथेच पाहता येतं. पण त्याआधी स्वतःच्या खर्ड्यात एक शोध घ्यावा. Ctrl+F दाबून ‘गेट’, ‘गॉट’, ‘लॉट’ आणि ‘लुक’ हे चार शब्द एकेक करून शोधायचे. जिथे सापडतील तिथे थांबून अनुक्रमे कसं मिळालं, किती होतं आणि काय केलं, हे स्वतःला विचारायचं. उत्तर वहीत असेल तर ते लिहायचं. वहीत नसेल, तर त्या जागी बसवायला कुठलाही औपचारिक शब्द पुरणार नाही. तिथे विहिरीवर पुन्हा जावं लागेल.